चौकोनी लहरीवरचा तुरा : दोष सर्किटचा की मोजणाऱ्याचा?

इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविका अभ्यासक्रमाच्या प्रयोगशाळेत दरवर्षी घडणारा हा प्रसंग आहे. विद्यार्थ्याने ब्रेडबोर्डवर एक छोटी चिप बसवलेली असते. फंक्शन जनरेटरमधून तिला चौकोनी लहर दिलेली असते आणि चिपमधून बाहेर पडणारी लहर तो ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पाहत असतो. शून्यातून सरळ ५ व्होल्टवर जाणारी स्वच्छ उभी रेघ त्याला अपेक्षित असते. प्रत्यक्षात ती रेघ ५ व्होल्टच्या वर उसळते, पुन्हा खाली येते, पुन्हा वर जाते आणि चार-पाच हेलकावे घेऊन स्थिरावते. चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यावर जणू तुरा खोवलेला असतो. विद्यार्थी चिप बदलतो, बुधवार पेठेतून नवी आणतो, वाटेत एखादा रेझिस्टर जोडून पाहतो. दोन प्रात्यक्षिके यातच जातात. अखेर कोणीतरी जाणता येऊन प्रोबला लोंबणारी काळी ग्राउंडची वायर काढतो, तिच्या जागी सेंटीमीटरभर लांबीची स्प्रिंग लावतो आणि तुरा जवळजवळ नाहीसा होतो. चिप पहिल्यापासून निर्दोष होती. दोष मोजण्याच्या पद्धतीत होता.

पडद्यावर दिसणारे चित्र कधीच एकट्या सर्किटचे नसते. त्यात जनरेटरचा, प्रोबचा, वायरचा आणि खुद्द ऑसिलोस्कोपचाही वाटा असतो. कोणाचा वाटा किती, हे ओळखता येणे म्हणजेच हे यंत्र वापरता येणे. त्यासाठी स्वस्तातले काही घटक आणि दोन मोजमापे पुरतात. एक म्हणजे राइज टाइम, अर्थात लहरीला खालून वर चढायला लागणारा काळ. आणि दुसरे रिंगिंग, म्हणजे घंटेवर टोला पडल्यावर नाद रेंगाळतो तसे चढाईनंतर रेंगाळणारे हेलकावे. मात्र संथ सर्किटापासून वेगवान सर्किटाकडे जायला हवे. उलट क्रमाने गेल्यास वर सांगितलेला प्रसंग ठरलेलाच.

सुरुवात सर्किटाविना

राइज टाइम मोजताना लहरीचा तळ आणि माथा यांमधले पूर्ण अंतर धरले जात नाही. चढाई नेमकी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे सांगणे अवघड असते. माथ्याजवळ तर रेघ इतकी हळूहळू स्थिरावते की शेवटचा बिंदू प्रत्येकाला वेगळा दिसेल. म्हणून उंचीच्या १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत जायला लागलेला काळ म्हणजे राइज टाइम, असा संकेत आहे. आजच्या डिजिटल ऑसिलोस्कोपवर तो एका बटनाने वाचता येतो. पण बटनाने दिलेला आकडा कधी खोटा असतो हे कळण्यासाठी आधी तो पडद्यावरच्या चौकटी मोजून काढण्याची सवय हवी. चढाई पडद्यावर एकाच चौकटीत उभ्या रेघेसारखी दिसत असेल तर यंत्रालाही ती नीट मोजता येत नाही. वेळेचा खटका फिरवून ती तीन-चार चौकटींमध्ये पसरवली पाहिजे.

प्रोबला पहिल्यांदा सर्किट दाखवायचे नाही. ऑसिलोस्कोपच्या दर्शनी भागावर एक छोटी खुंटी असते आणि तिच्यावर बहुधा १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर मिळते. प्रोबचे टोक तिथे अडकवावे. लहरीचे कोपरे गोल दिसले किंवा टोकदार शिंगांसारखे वर आले तर प्रोबवरचा बारीक स्क्रू फिरवून माथा सपाट करावा. हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे आणि तेवढ्याचसाठी सर्वाधिक वेळा टाळले जाते. न जुळवलेल्या प्रोबचा गोल कोपरा पुढे सर्किटाच्या नावावर खपतो. प्रोबवर 1X आणि 10X असा खटका असेल तर तो 10X वर ठेवावा आणि ऑसिलोस्कोपच्या चॅनेलच्या मेनूतही 10X निवडावे; एक बदलून दुसरे विसरल्यास व्होल्टचा आकडा दहापट चुकतो.

मग जनरेटरची लहर थेट ऑसिलोस्कोपला द्यावी. इथे नवशिक्यांना हमखास चकवणारी एक गोष्ट समोर येते. जनरेटरवर ५ व्होल्ट लावलेले असतात आणि पडद्यावर १० व्होल्ट दिसतात. यंत्र बिघडलेले नसते. जनरेटरच्या पोटात ५० ओहमचा रेझिस्टर असतो, आणि बाहेरही ५० ओहमचाच भार जोडलेला आहे असे गृहीत धरून तो आकडा दाखवतो. निम्मे व्होल्ट आतल्या रेझिस्टरवर खर्च होणार, म्हणून तो मुळात दुप्पट देतो. ऑसिलोस्कोपचा रोध दहा लाख ओहमच्या घरात असल्याने तिथे काहीच खर्च होत नाही आणि दुप्पट व्होल्ट जसेच्या तसे दिसतात. जनरेटरच्या मेनूत भार High Z असा निवडला की दोन्ही आकडे जुळतात. हा केवळ आकड्यांचा घोळ नव्हे. पाच व्होल्टची चिप याच चुकीमुळे दहा व्होल्ट खाऊन जळते.

आणखी एक पथ्य. प्रोबच्या काळ्या क्लिपचा संबंध ऑसिलोस्कोपच्या तीन पिनांच्या प्लगमधून थेट अर्थिंगशी असतो, आणि बऱ्याच जनरेटरांचीही ऋण वायर तिथेच पोहोचते. म्हणून ही क्लिप जनरेटरची ऋण वायर जिथे आहे तिथेच लागली पाहिजे. सर्किटाच्या मध्यावर ती लावली तर पुढचा घटक शॉर्ट होतो आणि लहर गायब होते. घरातल्या २३० व्होल्टच्या वायरीला ती लावण्याचा विचारही करू नये; तिथे लहर नव्हे, ठिणगी दिसते.

रेझिस्टर आणि कपॅसिटर

पहिले सर्किट दोनच घटकांचे. जनरेटरपासून १ किलोओहमचा रेझिस्टर, त्याच्या पुढे १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि कपॅसिटरचे दुसरे टोक ग्राउंडला. प्रोब कपॅसिटरवर. जनरेटरवर २ व्होल्टची, १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर लावली की पडद्यावर उभ्या रेघेऐवजी वळण घेत चढणारी रेघ दिसते. रेझिस्टरमधून येणारा प्रवाह कपॅसिटर भरतो. तो जसजसा भरतो तसतसा प्रवाह मंदावतो. या सर्किटाचा राइज टाइम म्हणजे रोध आणि धारिता यांच्या गुणाकाराची २.२ पट. रोध मात्र १००० नव्हे, १०५० ओहम धरायचा, कारण जनरेटरच्या पोटातले ५० ओहम याच वाटेवर आहेत. उत्तर येते सुमारे २३ मायक्रोसेकंद.

पडद्यावर नेमके २३ दिसणार नाहीत. बाजारातला साधा कपॅसिटर छापील आकड्यापेक्षा १० टक्के कमी-जास्त असू शकतो, त्यामुळे २१ ते २५ मधले कोणतेही उत्तर आले तरी वावगे नाही. पण १२ किंवा ४० आले तर थांबून शोध घ्यावा. बहुधा रेझिस्टरच्या रंगपट्ट्या वाचण्यात चूक झालेली असते.

याच सर्किटावर एक मुद्दाम चूक करून पाहण्यासारखी आहे. जनरेटरची वारंवारता १ किलोहर्ट्झवरून ५० किलोहर्ट्झ करावी. आता लहर वर राहण्याचा अवधी अवघा १० मायक्रोसेकंदांचा उरतो. कपॅसिटर निम्माही नीट भरत नाही तोच त्याला रिकामे व्हायला सांगितले जाते. २ व्होल्टची लहर ०.९ व्होल्टच्या आसपास आकसते आणि त्रिकोणासारखी दिसू लागते. राइज टाइमचे बटन दाबले की यंत्र निमूटपणे सुमारे ७.८ मायक्रोसेकंद दाखवते, म्हणजे खऱ्याच्या तिसरा हिस्सा. यंत्राच्या लेखी लहरीचा माथा म्हणजे जिथे ती पोहोचली तो; जिथे ती पोहोचायला हवी होती, ते त्याला ठाऊक नाही. लहरीचा माथा सपाट झालेला दिसत नाही तोवर हे बटन दाबण्यात अर्थ नाही.

आता १० नॅनोफॅरड काढून १०० पिकोफॅरडचा, म्हणजे शंभरपट लहान कपॅसिटर लावावा आणि वारंवारता १०० किलोहर्ट्झ ठेवावी. हिशेबाने उत्तर शंभरपट कमी, म्हणजे २३१ नॅनोसेकंद यायला हवे. पडद्यावर मात्र २७० च्या आसपास आकडा येतो. कपॅसिटर बदलून पाहिला तरी उत्तर जास्तच. मग प्रोबवरचा खटका 10X वरून 1X वर न्यावा, मेनूतही तसा बदल करावा आणि पुन्हा मोजावे. सर्किटाला हातही न लावता राइज टाइम एकदम साडेचारशे नॅनोसेकंदांच्या पुढे जातो!

याचे कारण प्रोब हाही एक कपॅसिटर आहे. 10X वर त्याची धारिता साधारण १५ पिकोफॅरड असते. सर्किटातल्या १०० मध्ये ती मिळून ११५ होते आणि उत्तर २६६ येते. ब्रेडबोर्डच्या पट्ट्यांची काही पिकोफॅरड धारिता त्यात आणखी भर घालते. 1X वर प्रोबची केबल आणि ऑसिलोस्कोपचे तोंड मिळून १०० पिकोफॅरडच्या आसपास धारिता सर्किटाच्या गळ्यात पडते, म्हणजे जेवढा कपॅसिटर होता तेवढाच दुसरा येऊन बसतो. हीच १५ पिकोफॅरड आधीच्या सर्किटातही होती. पण तिथे ती १० हजारांमध्ये मिसळलेली असल्याने जाणवली नाही. ताप मोजण्यासाठी लावलेल्या थर्मामीटरनेच अंग गार करावे, तसा हा प्रकार आहे. पाठ्यपुस्तकात याला लोडिंग म्हणतात, आणि पाठ्यपुस्तकातून ते सहसा कळत नाही. प्रोबचा खटका हलवून बदललेला आकडा एकदा पाहिला की कळते.

इथे जनरेटरच्या मर्यादेचाही विचार करावा लागतो. शाळा-महाविद्यालयांतल्या बहुतेक जनरेटरांच्या चौकोनी लहरीची स्वतःची चढाई २० नॅनोसेकंदांच्या आसपास असते. असे दोन वेग एकत्र आले की त्यांची सरळ बेरीज होत नाही. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. त्यामुळे मोजायची चढाई यंत्राच्या चढाईपेक्षा पाचपट संथ असेल तर चूक अवघी २ टक्क्यांची राहते. २६६ नॅनोसेकंदांपुढे २० नॅनोसेकंद म्हणूनच दुर्लक्षिता येतात. मात्र १५ नॅनोसेकंदांचे सर्किट या जनरेटरने मोजायला गेल्यास दिसतो तो मुख्यतः जनरेटरच.

खरे हेलकावे

रिंगिंग समजून घ्यायचे तर आधी ते मुद्दाम घडवून आणावे. रेझिस्टरच्या जागी १ मिलिहेन्रीची कॉइल आणि तिच्यापुढे १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. लहर २ व्होल्टची, २ किलोहर्ट्झची. पडद्यावर रेघ २ व्होल्टवर थांबत नाही, ती पावणेचार व्होल्टच्या जवळ जाते आणि मग खालीवर होत राहते. कॉइलमधला प्रवाह चालत्या बैलगाडीसारखा असतो, एकाएकी थांबत नाही. कपॅसिटर भरला तरी कॉइल त्यात प्रवाह ढकलतच राहते. तो जास्त भरतो, मग उलटा प्रवाह सुरू होतो आणि ऊर्जा दोघांत ये-जा करते. दर फेरीला वाटेतल्या रोधात थोडी ऊर्जा खर्च होते. जनरेटरचे ५० आणि कॉइलच्या तारेचे पंधराएक असे ६५ ओहम वाटेत असतील तर प्रत्येक हेलकावा आधीच्या हेलकाव्याच्या सुमारे ८० टक्के उरतो. कॉइलच्या गाभ्यातही काही ऊर्जा मुरते, म्हणून प्रत्यक्षात तो थोडा लवकर विरतो.

लगतच्या दोन माथ्यांमधले अंतर मोजले की ६.३ मायक्रोसेकंदांच्या जवळ येते, म्हणजे वारंवारता १५९ किलोहर्ट्झ. जनरेटर तर २ किलोहर्ट्झच देत आहे! ही वारंवारता जनरेटरची नाही, कॉइल आणि कपॅसिटर या जोडीची आहे. घंटा कितीदा वाजवली यावर तिचा सूर ठरत नाही, तसेच हे. जनरेटर १ किलोहर्ट्झवर आणला तरी हेलकाव्यांमधले अंतर तेच राहते. कपॅसिटर दुप्पट केला तर मात्र ते बदलते, आणि तेही ठरलेल्या प्रमाणात: वारंवारता १५९ वरून ११३ वर येते. पुढे चिपवर खरे-खोटे ओळखताना हीच कसोटी उपयोगी पडणार आहे. हेलकावे ज्याचे आहेत तो घटक बदलला की वारंवारता बदलते.

जनरेटर आणि कॉइल यांच्या मधे ५ किलोओहमचा प्रीसेट लावून तो सावकाश वाढवत न्यावा. हेलकावे एकेक करून गळतात. एकूण रोध १००० ओहमच्या आसपास पोहोचला की एकच उसळी उरते, सुमारे १६ टक्क्यांची. २००० ओहमला तीही जाते. त्यापुढे गेल्यास उसळी नसते, पण चढाई रेंगाळू लागते. उसळी शून्यावर आणण्याची किंमत राइज टाइममध्ये मोजावी लागते. म्हणूनच थोडी उसळी चालवून घ्यायची की चढाई संथ करायची, हा निर्णय प्रत्येक सर्किटात वेगळा असतो.

खोटा तुरा

इतकी तयारी झाल्यावर सुरुवातीच्या चिपकडे वळता येते. 74AC14 ही श्मिट ट्रिगर जातीची चिप संथ लहर आत घेते आणि साधारण २ नॅनोसेकंदांत चढणारी धारदार लहर बाहेर देते. २० नॅनोसेकंदांचा जनरेटर जे करू शकत नाही, ते ही काही रुपयांची चिप करते. तिला ५ व्होल्टचा पुरवठा द्यावा, पुरवठ्याच्या पिनांना लगटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा आणि न वापरलेली इनपुटे ग्राउंडला जोडावीत. जनरेटरवर High Z निवडून लहर ० ते ५ व्होल्ट अशी ठेवावी आणि ती चिपला जोडण्यापूर्वी पडद्यावर पाहून घ्यावी.

आता १०० मेगाहर्ट्झच्या ऑसिलोस्कोपवर, प्रोबची नेहमीची १५ सेंटीमीटरची काळी वायर लावून चिपचे आउटपुट पाहिले की तो तुरा हजर होतो. माथ्यांमधले अंतर ९ ते १० नॅनोसेकंदांचे, म्हणजे वारंवारता शंभर मेगाहर्ट्झच्या थोडी वर. सर्किटात तर कॉइल नाही. मग हेलकावे कुठून आले?

कॉइल आहे, पण ती प्रोबला लोंबते आहे. सरळ वायरलाही दर सेंटीमीटरमागे साधारण १० नॅनोहेन्रीचे प्रेरकत्व असते. १५ सेंटीमीटरचे झाले १५० नॅनोहेन्री. प्रोबच्या टोकाची धारिता १५ पिकोफॅरड. मघाच्याच सूत्रात हे दोन आकडे घातले तर उत्तर येते १०६ मेगाहर्ट्झ. म्हणजे मिलिहेन्रीच्या कॉइलने जो खेळ दाखवला, तोच इथे काळी वायर आणि प्रोब मिळून करत आहेत. जनरेटरच्या संथ चढाईने या जोडीला कधी जागे केले नव्हते; चिपच्या धारदार टोल्याने ती वाजू लागली.

खातरजमा सोपी आहे. काळ्या वायरीच्या जागी स्प्रिंग लावून ती चिपच्या ग्राउंड पिनला टेकवावी. वळसा एक-दोन सेंटीमीटरचा उरला की या जोडीची वारंवारता ३०० मेगाहर्ट्झकडे सरकते, जिथे १०० मेगाहर्ट्झच्या ऑसिलोस्कोपची नजर पोहोचत नाही. स्प्रिंग नसेल तर वायर हाताने गुंडाळून किंवा टेबलावर पसरवून पाहावे. तेवढ्याने तुऱ्याचा आकार बदलला तर तो सर्किटाचा नव्हे. उलट, प्रोब कसाही लावला तरी हेलकावे जागच्या जागी राहत असतील आणि चिपपासून निघणारी वायर लांब केल्यावर बदलत असतील, तर ते खरे. ब्रेडबोर्डवर तसेही थोडे उरतातच, कारण पुरवठ्याच्या वायरीही याच न्यायाने कॉइल असतात. अशा खऱ्या हेलकाव्यांवर चिपच्या आउटपुटला लगटून ३३ ते १०० ओहमचा रेझिस्टर लावणे हा उपाय आहे. खोट्यावर तो लावला तरी तुरा कमी झालेला दिसतो, आणि म्हणूनच विद्यार्थी फसतो: रेझिस्टरने चढाई संथ झालेली असते, प्रोबची घंटा हळू वाजलेली असते, आणि निर्दोष सर्किट विनाकारण मंद झालेले असते.

याच्या उलट फसगतही होते. २० मेगाहर्ट्झच्या जुन्या ऑसिलोस्कोपवर हीच लहर तुऱ्याविना, गुळगुळीत दिसते. त्याची स्वतःची चढाई साडेसतरा नॅनोसेकंदांची असल्याने इतके झटपट हेलकावे तो दाखवूच शकत नाही. ऑसिलोस्कोपचा राइज टाइम काढायचा तर ०.३५ ला त्याच्या मेगाहर्ट्झने भागावे. उत्तर मायक्रोसेकंदांत येते. काही यंत्रांच्या चॅनेल मेनूत २० मेगाहर्ट्झची गाळणी चालू करण्याची सोय असते. आधीच्या बॅचने ती चालू ठेवून दिली असेल तर १०० मेगाहर्ट्झचे यंत्रही तसेच आंधळे होते. पडद्यावर रेघ सुबक दिसली तरी हा मेनू एकदा तपासावा.

स्प्रिंग लावून, गाळणी बंद करून चिपची चढाई मोजली की आकडा ४ नॅनोसेकंदांच्या आसपास येतो. तो तसाच जर्नलमध्ये उतरवण्याचा मोह होतो. पण १०० मेगाहर्ट्झच्या ऑसिलोस्कोपची स्वतःची चढाई साडेतीन नॅनोसेकंदांची आहे, आणि वर्गांच्या हिशेबात साडेतीन व दोन मिळून चारच होतात. चिपची चढाई दीड नॅनोसेकंदांची असती तरी पडद्यावर ३.८ दिसले असते, आणि पडद्यावरून इतका फरक खात्रीने वाचणे अवघड असते. अशा वेळी जर्नलमध्ये 'चढाई ४ नॅनोसेकंद' असे लिहिण्याऐवजी 'चढाई ४ नॅनोसेकंदांपेक्षा जास्त नाही, मापन १०० मेगाहर्ट्झच्या ऑसिलोस्कोपवर, 10X प्रोब, स्प्रिंग ग्राउंड' असे लिहावे.